साठावी उत्तरपत्रिका पहिलीसारखीच तपासली जावी म्हणून

तपासलेल्या उत्तरपत्रिका हाती आल्या की दोन विद्यार्थी शेजारी बसून आपापली उत्तरे ताडून पाहतात. अशा वेळी एखादे उत्तर हमखास असे निघते की दोघांनी जवळजवळ तेच लिहिले आहे, तपासणारी व्यक्तीही एकच आहे, आणि तरी एकाला पाचपैकी चार व दुसऱ्याला तीन गुण मिळालेले आहेत. मग तर्क सुरू होतात. कोणी म्हणते परीक्षकाने पक्षपात केला, कोणी अक्षराला दोष देते. तिसरी एक शक्यता सहसा कोणाच्या मनात येत नाही, ती म्हणजे एक उत्तरपत्रिका गठ्ठ्यात सातवी होती आणि दुसरी अठ्ठेचाळिसावी.

या लेखात या तिसऱ्या शक्यतेचाच विचार केला आहे. उत्तरपत्रिका तपासणारा माणूस थकतो हे सांगण्यासाठी लेखाची गरज नाही. तो थकल्यावर गुणांचे नेमके काय होते, त्याला स्वतःला ते का कळत नाही, आणि शेवटच्या विद्यार्थ्याला त्याची किंमत मोजावी लागू नये म्हणून गठ्ठा कसा हाताळावा, हे मात्र तपशिलात जाऊन पाहण्यासारखे आहे.

थकवा म्हणजे केवळ डुलकी नव्हे

थकलेला परीक्षक म्हटले की डोळे चोळणारा, उत्तर न वाचताच गुण देऊन मोकळा होणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. तसे कधीकधी घडतेही, पण ती चूक ठळक असल्यामुळे पुढे पकडली जाते. खरी अडचण होते ती जागेपणी आणि प्रामाणिकपणे तपासत असताना. एक उदाहरण घेऊ.

प्रश्न असा आहे: बाष्पीभवनाचा वेग कोणत्या घटकांवर अवलंबून असतो, ते कारणांसह लिहा. गुण पाच. तापमान, पृष्ठभागाचे क्षेत्रफळ, हवेतील आर्द्रता आणि वारा हे चार घटक कारणासह लिहिल्यास प्रत्येकी एक गुण, आणि योग्य उदाहरणास एक गुण, अशी गुणदानाची योजना ठरलेली आहे. सातव्या उत्तरपत्रिकेत एका विद्यार्थ्याने लिहिले आहे, ‘ऊन जास्त असेल तर पाणी लवकर आटते कारण ते तापते.’ परीक्षक क्षणभर थांबतो. ‘तापमान’ हा शब्द आलेला नाही, पण ‘ते तापते’ हे कारण आले आहे, म्हणजे मुलाला मुद्दा कळलेला आहे. तो पूर्ण गुण देतो. पुढे अठ्ठेचाळिसाव्या उत्तरपत्रिकेत जवळजवळ हेच वाक्य येते. आता परीक्षकाने ‘तापमान’ हा शब्द चाळीसएक वेळा वाचलेला आहे आणि त्याचे डोळे तोच शब्द शोधत ओळींवरून सरकत आहेत. शब्द सापडत नाही, म्हणून तो अर्धा गुण देऊन पुढे जातो. त्याने उत्तर वाचले आहे आणि त्याच्या मते न्यायानेच गुण दिले आहेत. फक्त सातव्या उत्तरपत्रिकेपाशी तो थांबला होता आणि येथे थांबला नाही.

थकव्याचा पहिला घाव या थांबण्यावर बसतो. संदिग्ध उत्तरापाशी थांबून ‘याला म्हणायचे तरी काय आहे?’ असा विचार करणे हे मनाला सर्वांत कष्टाचे काम असते, म्हणून दमलेले मन नकळत तेच टाळते. ते सोप्या खुणांवर विसंबू लागते. अपेक्षित शब्द आला का, उत्तर पुरेसे लांब आहे का, मुद्द्यांखाली रेघा ओढल्या आहेत का, यावरून निर्णय होऊ लागतो. चांगले समजलेले पण वेगळ्या शब्दांत लिहिलेले उत्तर यात सर्वांत जास्त मार खाते. नेमके पाठ केलेले उत्तर मात्र पहिले असो वा साठावे, सुरक्षित राहते. म्हणून सर्वांचे गुण सारखेच कमी झाले असते तर जेवढे बिघडले असते, त्याहून थकव्याने जास्त बिघडते.

काटा सरकतो म्हणजे काय

तराजूचा काटा शून्यावर नसेल तर प्रत्येक वजन सारखेच चुकते, आणि निदान तुलनेपुरता तरी तो तराजू चालतो. पण तोलता तोलता काटाच हळूहळू सरकत असेल, तर सकाळी तोललेली वस्तू आणि दुपारी तोललेली वस्तू यांची तुलनाच करता येत नाही. गठ्ठा तपासताना परीक्षकाची कडक किंवा सैल वृत्ती अशी हळूहळू बदलत जाते, तिला या लेखात ‘काटा सरकणे’ म्हणू. तो कोणत्याही बाजूला सरकू शकतो. तीच तीच चूक तिसाव्यांदा पाहून वैतागलेला परीक्षक कडक होतो. काम उरकायचे आहे म्हणून ‘दिले चार’ म्हणणारा सैल होतो. एकच व्यक्ती एका प्रश्नात कडक आणि दुसऱ्या प्रश्नात सैल होऊ शकते. म्हणूनच ‘शेवटी शेवटी मी उदार होतो, माझे मला माहीत आहे’ या भरवशावर कोणी राहू नये.

थकव्याबरोबर आणखी दोन गोष्टी येतात. एक म्हणजे गुण मध्यावर गोळा होणे. सुरुवातीला दीडपासून साडेचारपर्यंत पसरलेले गुण शेवटच्या वीस उत्तरांत अडीच ते साडेतीन या पट्ट्यात येऊन बसतात, कारण फार कमी किंवा फार जास्त गुण द्यायचे तर मनाशी कारण पक्के करावे लागते, आणि मधले गुण देताना ते लागत नाही. दुसरी गोष्ट शेजारच्या उत्तराची सावली. एक हात गरम पाण्यात आणि एक गार पाण्यात काही वेळ ठेवून दोन्ही कोमट पाण्यात घातले, तर एकाला ते गार लागते आणि दुसऱ्याला गरम. त्याचप्रमाणे सलग तीन उत्तम उत्तरांनंतर आलेले मध्यम उत्तर आहे त्याहून फिके दिसते. हा परिणाम ताज्या मनावरही होतो, पण त्या वेळी योजनेकडे पुन्हा पाहण्याची शक्ती असते. दमल्यावर समोरच्या उत्तराची तुलना योजनेशी न होता आधीच्या उत्तराशी होऊ लागते.

हे खरेच घडते, याला आधार काय?

थकव्याबद्दल बोलताना बहुतेक जण न्यायाधीशांचा एक प्रसिद्ध अभ्यास सांगतात, म्हणून आधी त्याचाच विचार करू. इस्रायलमधील पॅरोल मंडळांच्या निर्णयांवर २०११ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की बैठकीच्या सुरुवातीला सुमारे ६५ टक्के निर्णय कैद्याच्या बाजूने लागत, विश्रांती जवळ येईपर्यंत हे प्रमाण जवळजवळ शून्यावर येई, आणि विश्रांतीनंतर पुन्हा वर जाई. ही गोष्ट जगभर पसरली. पण त्याच वर्षी तिच्यावर गंभीर आक्षेप घेतले गेले. प्रकरणांचा क्रम योगायोगाने ठरत नव्हता. ज्यांचा वकील नाही असे कैदी बैठकीच्या शेवटाकडे येत, आणि त्यांचे अर्ज एरवीही कमी मंजूर होत. म्हणजे जी घसरण थकव्याची वाटली, तिचा बराच भाग केवळ क्रमाचा असू शकतो.

हा आक्षेप उत्तरपत्रिकांनाही लागू आहे. गठ्ठा हजेरी क्रमांकाने लावलेला असेल आणि क्रमांक कोणत्याही कारणाने गुणवत्तेशी जोडलेले असतील, तर शेवटच्या वीस जणांचे गुण कमी दिसणे हा थकव्याचा पुरावा ठरत नाही. ते विद्यार्थीच वेगळे असू शकतात.

म्हणून अधिक भक्कम आधार वाटतो तो मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ साली पुढे आणलेल्या अभ्यासाचा. तेथील संगणकीय प्रणालीतील तीन कोटींहून अधिक गुणनोंदी त्यांनी तपासल्या. ही प्रणाली उत्तरे आपोआप आडनावाच्या वर्णानुक्रमाने परीक्षकापुढे ठेवत असे. इंग्रजी वर्णमालेच्या शेवटच्या अक्षरांनी सुरू होणाऱ्या आडनावांच्या विद्यार्थ्यांना सुरुवातीच्या अक्षरांच्या विद्यार्थ्यांपेक्षा शंभरात सुमारे ०.६ गुण कमी पडत होते. आता कोणी म्हणेल की आडनावाच्या अक्षरामागे दुसरे काही सामाजिक कारण असेल. पण काही परीक्षकांनी उलट्या क्रमाने तपासले होते, आणि तेथे हा फरकही उलटला होता, म्हणजे शेवटच्या अक्षरांचे विद्यार्थी वर आणि सुरुवातीचे खाली. विद्यार्थी तेच, आडनावे तीच, बदलला तो फक्त गठ्ठ्यातील क्रम. शेवटाकडे शेरेही अधिक नकारात्मक होत गेल्याचे त्यांना आढळले.

शंभरात ०.६ गुण हा आकडा लहान आहे, हे मान्य करायला हवे. पण तो कोट्यवधी नोंदींची सरासरी आहे. त्यात लहान गठ्ठे आहेत, निश्चित उत्तराचे प्रश्न आहेत, आणि कडक होणारे व सैल होणारे परीक्षक एकमेकांना खोडून काढतात. एका दीर्घोत्तरी प्रश्नाच्या एका मोठ्या गठ्ठ्यात एकाच परीक्षकाचा काटा किती सरकेल, हे या सरासरीवरून सांगता येत नाही. ते त्याने स्वतःच मोजले पाहिजे. ते कसे मोजायचे हे पुढे येईल. त्याआधी गठ्ठ्याची मांडणी पाहू, कारण सर्वांत मोठा फरक तेथेच पडतो आणि त्याला वेळही जवळजवळ लागत नाही.

गठ्ठा उलटा करण्यामागचे गणित

समजा साठ उत्तरपत्रिका आहेत आणि प्रत्येकीत पाच गुणांचे आठ प्रश्न, म्हणजे एकूण चाळीस गुण. एका उत्तराला सरासरी दोन मिनिटे धरली तर एका उत्तरपत्रिकेला सोळा मिनिटे आणि साऱ्या गठ्ठ्याला सोळा तास लागतात. बहुतेक जण एक उत्तरपत्रिका घेऊन पहिल्यापासून आठव्या प्रश्नापर्यंत तपासतात, बेरीज करतात आणि पुढची उचलतात. आता असे धरू की काटा हळूहळू कडक बाजूला सरकतो आहे, आणि शेवटच्या उत्तरपत्रिकेपर्यंत तो दर प्रश्नामागे अर्धा गुण सरकला आहे. मग पहिल्या विद्यार्थ्याचे काहीच नुकसान होत नाही, आणि शेवटच्याचे आठही प्रश्नांत अर्धा अर्धा मिळून चार गुण जातात. चाळीसपैकी चार.

आता पद्धत बदलू. साठही उत्तरपत्रिकांतील फक्त पहिला प्रश्न तपासायचा, नंतर साऱ्यांतील दुसरा, अशा रीतीने प्रश्नवार तपासणी करायची. एवढ्याने एक फायदा लगेच होतो: एका वेळी एकाच प्रश्नाची योजना डोक्यात ठेवावी लागते, आणि ‘ऊन’ या शब्दाला काय दिले होते हे दोन दिवसांपूर्वीचे न राहता तासाभरापूर्वीचे असते. पण गठ्ठा त्याच क्रमाने राहिला, तर शेवटचा विद्यार्थी प्रत्येक प्रश्नात शेवटचाच राहतो आणि त्याचे चार गुण जायचे ते जातातच. म्हणून दर प्रश्नानंतर गठ्ठा उलटा करायचा. आता शेवटचा विद्यार्थी चार प्रश्नांत शेवटचा येतो आणि चार प्रश्नांत पहिला. त्याचे नुकसान चार गुणांवरून दोनवर येते. पहिल्याचेही दोन गुण जातात, आणि अगदी मधल्याचे आठ प्रश्नांत पाव पाव मिळून दोनच. काटा तेवढाच सरकला, थकवा तेवढाच होता, पण त्याचे ओझे साठ जणांत सारखे वाटले गेले.

या विषयातली सर्वांत उपयोगी गोष्ट मला हीच वाटते. थकवा घालवता येत नाही, पण तो एकाच विद्यार्थ्याच्या माथी पडणार नाही अशी व्यवस्था करता येते.

मात्र हे गणित काटा सावकाश आणि एकसारखा सरकतो असे धरून केले आहे. प्रत्यक्षात तो बराच वेळ स्थिर राहून शेवटच्या पंधरा-वीस उत्तरांतच एकदम सरकू शकतो. तसे झाले तर नुसता गठ्ठा उलटा केल्याने दोन्ही टोकांचे विद्यार्थी अर्धे अर्धे नुकसान सोसतात आणि मधले सुटतात. म्हणून गठ्ठा दर प्रश्नानंतर उलटा न करता पत्त्यांसारखा कापावा, आणि दर तीन प्रश्नांनंतर कापण्याऐवजी एकदा उलटा करावा. कापताना वरच्या वीस उत्तरपत्रिका खाली घालाव्यात, म्हणजे प्रत्येक तृतीयांशाला आळीपाळीने शेवटची जागा मिळते. शिवाय मधूनमधून शेजारी बदलले तर एका हुशार विद्यार्थ्यानंतर नेहमी तोच दुसरा येऊन त्याच्या सावलीत सापडणे टळते. त्यासाठी कधीतरी दोन-चार ढिगांत वाटून पुन्हा एकत्र करणे पुरते.

प्रश्नवार तपासताना आधीच्या प्रश्नांचे गुण डोळ्यांसमोर येऊ देऊ नयेत. पहिल्या प्रश्नाला साडेचार मिळाले आहेत हे दिसले की दुसऱ्या प्रश्नातील संदिग्ध वाक्याचा अर्थ चांगल्या बाजूने लावला जातो, आणि एक दिसला की वाईट बाजूने. गुण उत्तरपत्रिकेवर न लिहिता आधी वेगळ्या कागदावर, क्रमांकापुढे लिहावेत, आणि प्रत्येक प्रश्नाला नवा कागद घ्यावा. या कागदाचा उपयोग पुढे आणखी एका कामासाठी होणार आहे.

गुण देण्याआधीची सहा उत्तरे

‘शेवटची उत्तरपत्रिका पहिलीसारखी’ असे आपण म्हणतो तेव्हा पहिली बरोबर तपासली गेली असे गृहीत धरतो. ते नेहमीच खरे नसते. सुरुवातीला योजना कागदावर असते, पण विद्यार्थी काय काय लिहितात हे अजून दिसलेले नसते, आणि पहिल्या पाच-सहा जणांचे गुण चाचपडतच दिले जातात. पुष्कळदा काटा सर्वांत जास्त हलतो तो येथेच, दमण्याआधी.

म्हणून प्रत्येक प्रश्न सुरू करताना गठ्ठ्याच्या वेगवेगळ्या भागांतून सहा उत्तरे काढून नुसती वाचावीत, गुण देऊ नयेत. त्यांतून दोन-तीन अडचणीची वाक्ये निघतातच. ‘ऊन’ चालेल का? ‘वारा’ एवढेच लिहून कारण दिले नसेल तर? मोठ्या ताटलीतले पाणी लवकर आटते असे लिहिले, पण ‘पृष्ठभाग’ हा शब्द नाही, तर त्याला घटकाचा गुण द्यायचा की उदाहरणाचा? प्रत्येकाचा निर्णय एका वहीत एका ओळीत लिहावा: ‘ऊन आणि सोबत तापण्याचा उल्लेख, १. नुसते ऊन, अर्धा. नुसता वारा, अर्धा. ताटलीचे उदाहरण तुलनेसह, उदाहरणाचा १ आणि घटकाचा अर्धा.’ तपासताना नवे प्रकार येतील तसतशी भर घालावी आणि ज्या क्रमांकाला तो प्रकार प्रथम आला, तो क्रमांक बाजूला टिपावा, कारण निर्णय नंतर बदलला तर मागे जाऊन दुरुस्ती करावी लागते.

ही वही स्मरणशक्तीला मदत करते, पण त्याहून मोठा उपयोग असा की दमल्यावर थांबून विचार करण्याचे काम ती वाचवते. अठ्ठेचाळिसाव्या उत्तरपत्रिकेपाशी नव्याने निर्णय घ्यावाच लागत नाही. तो सातव्या वेळी, ताज्या डोक्याने घेतलेला असतो. वही उघडून पाहायला मात्र हवी. ती उघडावीशी वाटेनाशी झाली, की उठण्याची वेळ झाली असे समजावे.

काटा सरकला हे ओळखायचे कसे?

पहिला मार्ग सगळ्यांना सुचतो: पहिल्या वीस आणि शेवटच्या वीस उत्तरांची सरासरी काढून तुलना करणे. हा मार्ग फसवा आहे. क्रम सरमिसळ असला तरी वीस-वीस विद्यार्थ्यांच्या दोन गटांची सरासरी केवळ योगायोगाने पाव ते अर्धा गुण मागेपुढे येऊ शकते, आणि आपण शोधत आहोत तो फरकही साधारण तेवढाच आहे. विद्यार्थी वेगळे असल्यामुळे पडलेला फरक कोणता आणि काटा सरकल्यामुळे पडलेला कोणता, हे त्यातून कळत नाही.

त्यावर उपाय असा की एकच उत्तर दोनदा तोलावे. पहिल्या पंधरांतील पाच उत्तरपत्रिका आधीच ठरवून ठेवाव्यात. त्या गुण पाहून निवडू नयेत, क्रमांकावरून निवडाव्यात, उदाहरणार्थ तिसरी, सहावी, नववी, बारावी आणि पंधरावी. एखादे उत्तर फारच विलक्षण असेल तर ते सोडून पुढचे घ्यावे, कारण ते आठवणीत राहते. साठ संपल्यावर, आधीचे गुण न पाहता, ती पाच उत्तरे पुन्हा तपासावीत. गुण वेगळ्या कागदावर लिहिले होते ते यासाठीच. उत्तरावर खुणाही केलेल्या नसाव्यात, निदान या पाचांवर.

समजा पहिल्या वेळी गुण पडले होते ४, २॥, ३, ३॥ आणि १॥. दुसऱ्या वेळी पडले ३॥, २, ३, २॥ आणि १. फरक अनुक्रमे उणे अर्धा, उणे अर्धा, शून्य, उणे एक, उणे अर्धा. एकूण उणे अडीच, म्हणजे सरासरी अर्धा गुण कमी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एकही फरक उलट्या बाजूला नाही. काटा कडक बाजूला सरकला आहे.

फरक अधिक अर्धा, उणे अर्धा, शून्य, अधिक अर्धा, उणे अर्धा असे आले असते, तर निष्कर्ष वेगळा निघाला असता. बेरीज शून्य आहे, म्हणजे काटा सरकलेला नाही, पण तो थरथरतो आहे. योजनाच पुरेशी स्पष्ट नाही असा त्याचा अर्थ होतो, आणि विश्रांती घेऊन ते सुधारत नाही. वहीतील ओळी अधिक नेमक्या कराव्या लागतात. आणि वरचे गुण खाली, खालचे वर असे झाले, चाराचे साडेतीन आणि दीडाचे दोन, तर गुण मध्यावर गोळा होऊ लागले आहेत. त्या वेळी शेवटच्या वीस उत्तरांपैकी अडीच ते साडेतीन गुण मिळालेली उत्तरे पुन्हा वाचावीत.

पाच हा आकडा लहान आहे, हे खरे. एका गुणाच्या दहाव्या भागाइतका फरक त्यातून दिसणार नाही. पण कोणाचे गुण प्रत्यक्ष बदलतील एवढा मोठा फरक बहुधा दिसतो, आणि तेवढ्यासाठीच ही तपासणी आहे.

सरकला असेल तर पुढे काय?

येथे एक मोह होतो: शेवटच्या वीस जणांना सरसकट अर्धा गुण वाढवून द्यावा. तो टाळावा. आपण वर पाहिले की थकवा सर्व उत्तरांना सारखा लागत नाही. नेमक्या शब्दांचे उत्तर त्यातून सुटते आणि स्वतःच्या शब्दांतले सापडते. सरसकट वाढीने पहिल्याला हक्काहून जास्त मिळेल आणि दुसऱ्याचे नुकसान पुरते भरून निघणार नाही.

त्याऐवजी काम तेथेच थांबवावे आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्याने वही व योजना वाचून ती पाच उत्तरे तिसऱ्यांदा पाहावीत. हे तिसरे गुण पहिल्या गुणांशी जुळले तर शेवट कडक झाला होता. दुसऱ्या गुणांशी जुळले तर सुरुवातच सैल होती, आणि दुरुस्ती सुरुवातीच्या उत्तरांत करायची आहे. हा टप्पा वगळला, तर चांगल्या हेतूने चुकीच्या टोकाची दुरुस्ती होण्याचा धोका राहतो.

आपल्या उदाहरणात शेवट कडक झाला होता असे धरू. मग शेवटाकडून मागे दहा-दहाच्या टप्प्यांनी यावे. एक्कावन ते साठ पुन्हा तपासली आणि दहापैकी सहा ठिकाणी गुण वाढले, एका ठिकाणी कमी झाले. मग एक्केचाळीस ते पन्नास: चार वाढले, एक कमी झाला. त्यांत अठ्ठेचाळिसावीतील ‘ऊन’ही आले, वहीप्रमाणे त्याला पूर्ण गुण मिळाला. मग एकतीस ते चाळीस: दोन वाढले, दोन कमी झाले. येथे वाढ आणि घट समान झाली, म्हणजे या टप्प्यात काटा जागेवर होता, आणि मागे जाणे थांबवता येते. तीस उत्तरे पुन्हा पाहावी लागली, म्हणजे एक तास गेला. पण हेही कळले की या प्रश्नाच्या बाबतीत आपण साधारण चाळिसाव्या उत्तरापर्यंत टिकतो, आणि पुढच्या प्रश्नात मोठी विश्रांती चाळीसनंतर नव्हे तर त्याआधी घ्यायला हवी.

विश्रांतीबद्दल एवढेच की वीस उत्तरांनंतर, म्हणजे सुमारे चाळीस मिनिटांनी, उठावे, आणि परत बसल्यावर थेट पुढचे उत्तर उचलू नये. आधी वही वाचावी आणि आपणच गुण दिलेली दोन उत्तरे, एक चांगले आणि एक मध्यम, गुणांसह पाहावीत. विश्रांतीने डोके ताजे होते, पण काटा आपोआप पूर्वीच्या जागी येतो असे नाही. तो दुसऱ्या बाजूलाही जाऊ शकतो.

‘अनुभवी परीक्षकाला याची गरज काय?’

अनुभवामुळे संदिग्ध उत्तरे लवकर ओळखता येतात आणि योजना लवकर अंगवळणी पडते, हे खरे आहे. पण त्याच सवयीमुळे वेग वाढतो आणि उत्तराच्या पहिल्या दोन ओळींवरून अंदाज बांधण्याची खोड लागते. शिवाय काटा सरकणे आतून जाणवत नाही, कारण सरकलेला काटाच त्या वेळी आपल्याला बरोबर वाटत असतो. हे अनुभवी परीक्षकालाही मोजूनच कळते. इंग्लंडमधील सार्वजनिक परीक्षांची तपासणी पडद्यावर होते, तेव्हा ज्यांचे गुण आधीच ठरवलेले आहेत अशी काही उत्तरे परीक्षकाला न सांगता त्याच्या कामात पेरलेली असतात. ठरलेल्या मर्यादेपलीकडे फरक पडू लागला की त्याला तो प्रश्न तपासण्यापासून थांबवले जाते, मग तो नवखा असो वा जुना.

‘पण एवढा वेळ कोणाकडे आहे?’

हा आक्षेप मला सर्वांत रास्त वाटतो. पाच उत्तरे पुन्हा तपासायला दर प्रश्नामागे दहा मिनिटे, म्हणजे आठ प्रश्नांना ऐंशी मिनिटे लागतात. सहा उत्तरे आधी वाचायची तर तितकीच आणखी. सोळा तासांच्या कामात ही भर थोडी नाही. पण सर्व प्रश्नांना सारखी काळजी लागत नाही. एका शब्दाचे उत्तर, जोड्या, सरळ आकडेमोड यांत संदिग्धतेला वाव कमी असल्यामुळे काटा फारसा सरकू शकत नाही. तेथे गठ्ठा उलटा करणे पुरेसे आहे, आणि त्याला अर्धे मिनिटही लागत नाही. आठपैकी दोन किंवा तीनच प्रश्न असे असतात की जेथे विद्यार्थ्याच्या शब्दांचा अर्थ लावावा लागतो. वही, सहा उत्तरांचे वाचन आणि पाचांची फेरतपासणी फक्त त्यांच्यासाठी ठेवली, तर जादा वेळ एका तासाच्या आत बसतो. हे प्रश्न दिवसाच्या पहिल्या बैठकीत घ्यावेत, आणि सुरू केलेला प्रश्न शक्य तोवर त्याच दिवशी साठही उत्तरपत्रिकांत संपवावा. अर्धा प्रश्न आज आणि अर्धा परवा असे झाले तर दोन वेगळ्या माणसांनी तपासल्यासारखे होते, आणि गठ्ठा कितीही वेळा उलटा केला तरी तो फरक त्या प्रश्नात राहतो.